यंत्रलिखित मराठीची लक्षणे : संस्कृतप्राचुर्याच्या कसोटीची चिकित्सा

विद्यार्थ्याने घरून लिहून आणलेला निबंध त्याचा स्वतःचा आहे की संगणकाकडून लिहवून घेतलेला आहे, हा प्रश्न मराठी माध्यमाच्या शाळांतील भाषाशिक्षकापुढे आता नित्याचा झाला आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले. त्यानंतर थोड्याच काळात ज्याच्या घरी मोबाइल आहे अशा कोणाही मुलाला पाचसहा शब्द टंकून, किंवा नुसते तोंडाने बोलून, पानभर मराठी मजकूर मिळू लागला. हा मजकूर ओळखावा कसा, ह्याविषयी शिक्षकवर्गात जे बोलले जाते त्याचा मथितार्थ असा : भाषा जड व संस्कृतप्रचुर असेल, आणि इंग्रजी वाक्प्रचारांची शब्दशः भाषांतरे तीत आढळत असतील, तर ते लेखन यंत्राचे समजावे. ही कसोटी अगदीच निराधार नाही. परंतु ती सरसकट लावली असता ज्याने खरोखर स्वतः लिहिले त्याच्यावर आळ यावा आणि ज्याने लिहिले नाही तो सुटून जावा, असा प्रकार घडण्याचा पुष्कळ संभव आहे. म्हणून तिची थोडी बारकाईने तपासणी करावयाची आहे.

प्रथम संस्कृत शब्दांचा मुद्दा घेऊ. मराठी शाळेतल्या निबंधाची भाषा यंत्र येण्यापूर्वीही संस्कृतप्रचुरच होती, ही गोष्ट आपण सोयीस्करपणे विसरतो. बाजारात मिळणाऱ्या निबंधांच्या पुस्तकांतून मुले पिढ्यानुपिढ्या जे पाठ करीत आली त्याचा मासला साधारणतः असा असतो : ‘पूर्व दिशा उजळली. सहस्ररश्मीने आपल्या सुवर्णकिरणांची उधळण अवनीवर केली आणि खगांच्या मधुर कूजनाने सारा आसमंत निनादून गेला.’ हा मासला मीच त्या धाटणीवर जुळवला आहे. परंतु ज्याने शालान्त परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासल्या आहेत त्याला तो अनोळखी वाटणार नाही. ह्यात संस्कृत शब्द काही कमी नाहीत. तरीही वाक्यांचा सांगाडा संपूर्णपणे मराठी आहे. ‘दिशा उजळली’, ‘निनादून गेला’ ह्या क्रियापदांना मराठीची स्वतःची चाल आहे, आणि जड शब्द आहेत ते सूर्य, पृथ्वी, पक्षी अशा डोळ्यांसमोरच्या वस्तूंचीच भारदस्त नावे आहेत. ही भाषा कृत्रिम आहे हे मान्य करूनही ती एका माणसाने दुसऱ्या माणसाला नटवून सांगण्यासाठी घडवलेली आहे, हे नाकारता येत नाही.

यंत्राचे संस्कृत ह्याहून निराळे आहे. त्यात ‘अवनी’ आणि ‘खग’ क्वचितच भेटतात. तेथे भेटतात ते ‘अविभाज्य भाग’, ‘सामाजिक एकात्मता’, ‘समृद्ध वारसा’, ‘सर्वांगीण विकासाला चालना’ असले भाववाचक शब्दसमूह. ह्यांचे मूळ काव्यात नसून कचेरीच्या अहवालात आणि वृत्तपत्राच्या निवेदनात आहे. तेव्हा संस्कृत शब्द किती आले हे मोजून काहीच हाती लागत नाही. ते कोणत्या जातीचे आहेत हे पाहिले तर थोडेफार लागते. तेही थोडेफारच, कारण आठवी-नववीतला चुणचुणीत मुलगा वर्तमानपत्र वाचतो, वक्तृत्वस्पर्धेत भाग घेतो, आणि ‘सर्वांगीण विकास’ हा शब्द त्याला तेथेच मिळालेला असतो.

भाषांतरित वाक्प्रचारांचीही तीच गत आहे. ‘नक्राश्रू’, ‘सुवर्णमध्य’, ‘शीतयुद्ध’, ‘एखाद्या विषयावर प्रकाश टाकणे’ हे सर्व मराठीत भाषांतराच्याच वाटेने आलेले असून आज ते कोणालाही परके वाटत नाहीत. अर्वाचीन मराठी गद्याचा, विशेषतः शालेय गद्याचा, पायाच मुळी भाषांतराने घातला गेला. सदाशिव काशिनाथ छत्रे ह्यांचे ‘बाळमित्र’ १८२८ साली इंग्रजीवरून मराठीत आले, ते मुलांच्या हाती देण्यासाठीच. तेव्हा ‘हा वाक्प्रचार इंग्रजीवरून घेतला आहे’ एवढे दाखवून काम भागत नाही. विचारावयाचे ते हे, की ह्या जागी मराठीत जिवंत आणि घरोघरी चालणारी बोलण्याची रीत असताना ती बाजूला सारून परका साचा आला आहे काय? मुलाच्या कानावर जी रीत रोज पडते ती त्याच्या लेखनात अजिबात नसावी, ह्यालाच काही अर्थ आहे.

आता एक नमुना घेऊन हे पडताळून पाहू. विषय आहे ‘आमच्या गावचा आठवडी बाजार’. पुढील उतारा कोणा विद्यार्थ्याचा नाही. अशा मजकुरात जी वळणे वारंवार आढळतात ती एकत्र करून तो मी रचला आहे.

‘आठवडी बाजार हा ग्रामीण जीवनाचा एक अविभाज्य भाग आहे. तो केवळ वस्तूंच्या खरेदी-विक्रीचे ठिकाण नाही, तर सामाजिक एकात्मतेचे एक जिवंत प्रतीक आहे. गेल्या रविवारी मी आणि माझी आई, आपण बाजाराला भेट दिली. बाजार एक रंगीबेरंगी जागा होती जी ताज्या भाज्यांच्या सुगंधाने भरलेली होती. विक्रेते ग्राहकांना विविध वस्तू प्रदान करत होते. मी एका वृद्ध विक्रेत्याला पाहिले ज्याच्याकडे एक मोठे हास्य होते. मी खूप आनंद अनुभवला. ह्या अनुभवाने मला कष्टाचे महत्त्व शिकवले.’

शिक्षकाची तांबडी पेन्सिल सामान्यतः पहिल्या दोन वाक्यांवर थांबते, कारण जड शब्द तेथे आहेत. परंतु ही दोन वाक्ये पुराव्याच्या दृष्टीने सर्वांत दुबळी आहेत. असा आरंभ निबंधाच्या पुस्तकातही सापडेल, शिक्षकांनी फळ्यावर लिहून दिलेल्या मुद्द्यांतही सापडेल. पहिल्या वाक्यात तर व्याकरणाचीही काही आडवळणे नाहीत. खरी लक्षणे तिसऱ्या वाक्यापासून पुढे, जेथे शब्द सोपे झाले आहेत तेथे सुरू होतात.

‘मी आणि माझी आई, आपण बाजाराला भेट दिली’ हे वाक्य पाहावे. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ ह्यांत भेद आहे. ज्याच्याशी बोलतो त्याला धरून ‘आपण’, वगळून ‘आम्ही’. निबंध वाचणारे गुरुजी बाजारात नव्हते. तेव्हा येथे ‘आम्ही’ हवे. हा भेद इंग्रजीत नाही आणि हिंदीच्या ‘हम’मध्येही नाही, म्हणून त्या भाषांच्या वळणाने चाललेला मजकूर ह्या ठिकाणी अडखळतो, एका परिच्छेदात ‘आम्ही’ तर दुसऱ्यात ‘आपण’ असा घोळ होतो. मराठी घरातले मूल तीनचार वर्षांचे असतानाच हा भेद पाळू लागते. ‘आपण जाऊ या ना’ आणि ‘आम्ही जातो हं’ ह्यांतला फरक त्याला शिकवावा लागत नाही. ज्या मुलाला ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, ‘ण’ आणि ‘न’ची गल्लत होते, जोडाक्षरे मोडतात, तोही ‘आम्ही’च्या जागी ‘आपण’ घालीत नाही. म्हणून हे लक्षण एका डझन संस्कृत शब्दांपेक्षा मोलाचे आहे. मात्र ‘आपण’चा आदरार्थी उपयोग आणि सर्वसामान्य विधानातला उपयोग (‘आपण झाडे लावली पाहिजेत’) हे ह्यातून वगळले पाहिजेत.

त्याच वाक्यातला ‘भेट दिली’ हा प्रयोगही बोलका आहे. प्रदर्शनाला, संस्थेला, शाळेला भेट देतात. देणारा बहुधा पाहुणा किंवा अधिकारी असतो. बाजाराला कोणी भेट देत नाही. बाजारात जातात, बाजार करतात, आईबरोबर पिशवी धरायला जातात.

‘बाजार एक रंगीबेरंगी जागा होती’ ह्या वाक्यात बिघडले आहे ते फार बारीक आहे आणि बहुतेकांच्या नजरेतून सुटते. मराठीत एखाद्या वस्तूविषयी ती अमुक आहे असे नामाने सांगावयाचे तर मध्ये दर्शक सर्वनाम येते : ‘आंबा हे फळ आहे’, ‘पुणे हे शहर आहे’, ‘माझे वडील हे शेतकरी आहेत’. हिंदीत त्या जागी ‘एक’ येते, इंग्रजीत अनिश्चित उपपद येते. आणि ह्या दोहोंच्या दाबाखाली ‘आंबा एक फळ आहे’ असे वाक्य तयार होते. त्यातला प्रत्येक शब्द मराठी आहे, अर्थही कळतो, पण असे कोणी बोलत नाही. उताऱ्यात ‘एक’ किती वेळा आला आहे ते मोजून पाहावे : ‘एक अविभाज्य भाग’, ‘एक जिवंत प्रतीक’, ‘एक मोठे हास्य’. ह्यातला प्रत्येक ‘एक’ खोडला तरी अर्थाला बाध येत नाही, किंबहुना वाक्य सुधारते. पुढचा ‘जी’ हा त्याच साच्यातला आहे. ‘ताज्या भाजीचा वास सुटलेला बाजार’ असे विशेषण आधी आणण्याची मराठीची सोय सोडून, नाम सांगून टाकल्यावर त्याला ‘जी’ची शेपटी जोडली आहे. परंतु हे वळण आता छापील मराठीत इतके रुळले आहे की केवळ त्यावरून काही ठरवता येणार नाही. वासाबद्दल सांगावयाचे तर, फुलाला सुगंध असतो. मेथी-कोथिंबिरीचा वास सुटतो.

‘प्रदान’ ह्या शब्दाशी थोडे थांबणे अवश्य आहे, कारण ह्या एका शब्दात सगळी प्रक्रिया उघडी पडते. मराठीत पदवी प्रदान करतात, पुरस्कार प्रदान करतात. हा समारंभाचा शब्द आहे. हिंदीत मात्र त्याचा व्याप मोठा असून इंग्रजीतल्या एका अतिशय सर्वसामान्य क्रियापदाला तेथे ‘प्रदान करना’ हाच ठरलेला पर्याय झाला आहे. तोच पर्याय देवनागरीच्या आडोशाने मराठीत उतरतो, आणि मग झाडे सावली प्रदान करतात, गाय दूध प्रदान करते, विक्रेते वस्तू प्रदान करतात. मराठीत ह्या अर्थाला एक क्रियापद नाहीच. झाड सावली देते. नळाला पाणी येते. शाळेत जेवण मिळते. ग्रामपंचायत दिवाबत्तीची सोय करते. विक्रेता भाजी विकतो. कोठे देणारा पुढे येतो, कोठे वस्तू, कोठे घेणारा. अशी निरनिराळी पाच क्रियापदे ज्या मजकुरात एकाच ‘प्रदान करणे’ने भागवली आहेत तो मजकूर मराठीत विचार करून लिहिलेला नाही, एवढे म्हणावयास हरकत नाही. ‘महत्त्वाचा’ऐवजी येणारा ‘महत्त्वपूर्ण’, ‘शिवाय’च्या जागी येणारा ‘यासोबतच’, आणि ‘सुनिश्चित करणे’, ‘सक्षम करणे’ हे ह्याच कुळातले आहेत. दिसायला ते संस्कृत. पण आले ते संस्कृतातून नव्हे, हिंदीच्या मार्गाने इंग्रजीतून.

‘मोठे हास्य’ हे उघडच भाषांतर आहे. मराठी माणूस तोंडभर हसतो, किंवा त्याचा चेहरा हसरा असतो. पण ‘ज्याच्याकडे हास्य होते’ ह्यातला ‘कडे’ अधिक लक्षणीय आहे. जवळ असण्याचे मराठीत अनेक प्रकार आहेत. ‘माझ्याकडे पैसे आहेत’, पण ‘मला दोन भाऊ आहेत’. ‘त्याच्याजवळ सायकल आहे’, पण ‘त्याला ताप आहे’. यंत्राच्या मजकुरात हे भेद पुसले जाऊन ‘माझ्याकडे दोन भाऊ आहेत’ असे वाक्य उमटते, जणू कोणी ते ठेवायला दिले आहेत!

‘मी खूप आनंद अनुभवला’ हे वाक्य शिक्षकांनी विशेष ध्यानात ठेवावे. मनाला आणि शरीराला जे होते ते मराठीत बहुधा माणूस ‘करीत’ नाही, ते त्याला ‘होते’ : मला आनंद झाला, मला भूक लागली, आईला बरे वाटले, आम्हांला मजा आली. अनुभवणारा चतुर्थीत जातो आणि आनंद, भूक, मजा हेच क्रियापदाचे धनी होतात. इंग्रजीत ह्याच्या उलट अनुभवणारा कर्ता होतो, आणि त्या साच्यातून ‘मी आनंद अनुभवला’, ‘मी थकवा अनुभवला’ अशी वाक्ये निघतात. ह्याच साच्याचे दुसरे टोक म्हणजे अचेतन आणि भाववाचक नामांना कर्त्याच्या गादीवर बसवणे : ‘ह्या अनुभवाने मला शिकवले’, ‘पाऊस शेतकऱ्यांच्या जीवनात आनंद आणतो’. मराठीला हे सर्वस्वी अशक्य आहे असे नाही. ‘गरिबीने त्याला शहाणे केले’ असे आपण म्हणतोच. परंतु सबंध निबंधात एकही ‘मला वाटले’, एकही ‘मजा आली’ नसावी आणि ओळीओळीला अनुभव शिकवीत असावेत, असे दिसले तर शंका घेण्यास जागा आहे.

आता ह्याच विषयावर एखादा सामान्य मुलगा स्वतः लिहील ते कसे असेल? पुढील ओळीही रचलेल्याच आहेत : ‘रवीवारी आमी बाजारात गेलो. आईनी वांग्याचा वाटा घेतला आनि कोथंबीरीची जुडी. जुडी दहा रुपयाला मनत होता पन आईनी सातला मागितली. मी म्हटलं मला भजी पायजे तर आई म्हणाली जाताना घेऊ. मग जाताना ती विसरूनच गेली.’ शुद्धलेखनाच्या दृष्टीने ह्यात चुकांची रास आहे. परंतु वाक्यरचनेत एकही नाही. ‘आमी’ बरोबर आहे, कारण गुरुजी बाजारात नव्हते. ‘घेऊ’ ह्या एका क्रियापदात आई आणि मुलगा दोघे सामावलेले आहेत. ‘विसरूनच गेली’ ह्यात संयुक्त क्रियापद आहे, त्याच्या पोटात ‘च’ आहे, आणि त्या ‘च’मध्ये भजी न मिळाल्याची तक्रार आहे. वाटा आणि जुडी हे बाजारातले शब्द आहेत. दहाचे सात होणे ही बाजारातली घटना आहे. यंत्राच्या उताऱ्यात भाव नाही, माप नाही, भाजीचे नावही नाही, हे ह्या दोन उताऱ्यांना शेजारी ठेवल्यावरच नीट जाणवते.

ह्यावरून जो भेद हाती लागतो तो असा : मुलाच्या चुका लिपीत असतात, यंत्राच्या चुका भाषेत असतात. लेखन हे शाळेत शिकावे लागते, म्हणून मूल तेथे चुकते. बोलणे ते घरून घेऊन आलेले असते, म्हणून तेथे सहसा चुकत नाही. यंत्राचे नेमके उलट आहे. त्याने पाहिले ते फक्त लिहिलेले, म्हणून त्याची वेलांटी चुकत नाही. बोलणाऱ्या माणसांमध्ये ते वाढलेले नाही, म्हणून ‘आपण’ चुकतो. त्याने जे लिहिलेले पाहिले त्यातही मराठीचा वाटा अत्यल्प आहे. अशा यंत्रांच्या शिक्षणासाठी महाजालावरील मजकुराचा जो सर्वांत मोठा खुला साठा वापरला जातो, त्यात इंग्रजी शेकडा चाळीसहून अधिक आणि मराठी शेकडा एक-दशांशाहूनही कमी आहे. त्या अल्प मराठीतही बराच भाग वृत्ते, शासकीय पाने आणि भाषांतरित माहिती ह्यांनी व्यापलेला असतो. लिपी एकच असल्यामुळे शेजारच्या हिंदीचा जोर तीवर पडतो तो वेगळाच.

एक लक्षण असे आहे की जे फार खात्रीचे वाटते, पण तेथे महाराष्ट्राचा भूगोल आडवा येतो. इंग्रजीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ हा भेद नाही. त्यामुळे मुलीने आणलेल्या निबंधात पहिल्या परिच्छेदात ‘मी गेले’ आणि तिसऱ्यात ‘मी पाहून थक्क झालो’ असे आढळले, तर दुसरा परिच्छेद कोठून तरी आला असा संशय येणे स्वाभाविक आहे. पण कोल्हापूरकडच्या मुली बोलताना ‘मी आलो’, ‘मी गेलो’ म्हणतात. तेथल्या शिक्षकाने हे लक्षण वापरले तर निरपराध मुलगी दोषी ठरेल. त्याचप्रमाणे ‘आंबा एक फळ आहे’ आणि ‘माझी पुस्तक’ ही हिंदी वळणे मुंबई-पुण्याकडील ज्या मराठी शाळांत हिंदीभाषक मजुरांची मुले शिकतात तेथे मुलांच्या तोंडची असतात. ‘सोबत’ हा शब्द विदर्भात घरचाच आहे. म्हणजे लक्षणांची यादी मुंबईत छापून सर्व जिल्ह्यांना पाठवता येणार नाही. आपल्या वर्गातील मुले कशी बोलतात हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ती वापरता येईल.

ह्याहूनही गंभीर प्रश्न अहिराणी, मालवणी, वऱ्हाडी किंवा गोंडी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांचा आहे. त्यांना प्रमाण मराठी पुस्तकातूनच मिळते. ती ते जपून लिहितात, ओळखीची वाक्ये पुन्हा वापरतात, बोलीचा शब्द निसटू नये म्हणून जड शब्दाचा आधार घेतात. संस्कृतप्राचुर्याची कसोटी सर्वप्रथम ह्यांनाच लागते. ही भीती काल्पनिक नव्हे. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी इंग्रजी मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे ९१ इंग्रजी निबंध सात शोधक-प्रणालींना दिले. माणसांनी लिहिलेल्या त्या निबंधांपैकी सरासरी शेकडा ६१ निबंध यंत्राचे ठरवले गेले. कारण असे की मर्यादित शब्दसंग्रहात सावधपणे लिहिलेली भाषा पुढचा शब्द ओळखू येईल अशी असते, आणि प्रणाली तेवढेच मोजत होत्या. ओपन एआय ह्या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये काढलेला शोधक इंग्रजीतसुद्धा यंत्राच्या मजकुरापैकी शेकडा २६ एवढाच ओळखी आणि माणसांच्या मजकुरापैकी शेकडा ९ यंत्राच्या नावे लावी. कंपनीने तो जुलैमध्ये मागे घेतला. इंग्रजीत ही अवस्था असताना असल्या साधनाने मराठी मजकुराला दिलेली टक्केवारी प्रगतिपुस्तकापर्यंत पोचू देऊ नये.

लक्षणांना आणखी एक मर्यादा आहे. मुले यंत्राचा मजकूर वहीत उतरवून काढतात. उतरवताना ‘अविभाज्य’चा ‘अवीभाज्य’ होतो. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आहेत म्हणून लेखन मुलाचे, असे म्हणता येत नाही. वेलांट्या मुलाच्या आणि वाक्ये यंत्राची, असे मिश्रण आता वारंवार आढळण्याजोगे आहे. शिक्षकाला प्रत्येक ओळीत दोन निरनिराळ्या गोष्टी वाचाव्या लागतील. शिवाय यंत्राला ‘साध्या बोलीभाषेत लिही’ असे सांगितले की ते म्हणी पेरू लागते. त्या म्हणी खऱ्या असतात, पण दर परिच्छेदाला एक अशा बेताने येतात आणि ज्या प्रसंगी आजी ती म्हण काढील तो प्रसंग तेथे नसतो. नवी यंत्रे ‘आपण’सारख्या चुका पूर्वीपेक्षा कमी करतात, हेही मान्य केले पाहिजे, भाववाचक नामांची कर्तेगिरी मात्र त्यांतही बरीच टिकून आहे.

परंतु ह्या सर्व लक्षणांचे मोल कमी करणारी जी गोष्ट आहे ती विद्यार्थ्यांकडून येत नाही. सरावपत्रिका, सूचनाफलक, स्नेहसंमेलनाचे निवेदन, इतकेच काय पण चाचणीतले अपठित उतारेही पुष्कळ ठिकाणी शिक्षकच यंत्राकडून लिहवून घेतात. ‘झाडे आपल्याला प्राणवायू प्रदान करतात’ हे वाक्य मुलाने प्रथम सरावपत्रिकेत वाचले असेल आणि नंतर निबंधात लिहिले असेल, तर ते वाक्य त्याच्या हातचेच आहे. त्याला ते आपणच शिकवले. ह्या वाक्यावरून त्याला जाब विचारण्यापूर्वी शिक्षकाने आपली सरावपत्रिका काढून पाहिली पाहिजे.

शंका आलीच तर ती वहीवर शेरा मारून मिटवण्यापेक्षा तोंडी विचारून पाहणे बरे. वही मिटवावी आणि सहज विचारावे, ‘बाजारात कोण कोण गेला होता रे?’ मुलगा म्हणेल, ‘आम्ही दोघं, मी आणि आई.’ मग वही उघडून तिसरे वाक्य त्याच्यापुढे ठेवावे आणि मोठ्याने वाचायला सांगावे. ज्याने लिहिता लिहिता चूक केली असेल तो ‘आपण’पाशी थांबेल, हसेल आणि दुरुस्त करील. ज्याने नुसते उतरवले असेल तो बहुधा न थांबता पुढे वाचीत जाईल. मग त्याला ‘विक्रेते वस्तू प्रदान करत होते म्हणजे काय करत होते?’ असे विचारावे. तो म्हणेल, ‘भाजी विकत होते’. आणि ते त्याला वहीत लिहायला सांगता येईल.